ट्रंकेतली शाल, डांबराचा वास आणि सातव्या दिवसाचं बाळ

दिवाळी उलटली, पहाटेची हवा बोचू लागली, की घराघरांत लोखंडी ट्रंक उघडली जाते. झाकण वर उचलताच डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास सगळ्या खोलीत पसरतो. अब्बांना फजरच्या नमाजला जायचं असतं, मुलांची शाळा सकाळची असते, म्हणून स्वेटर तसाच झटकून अंगात चढवला जातो. मग मशिदीत शेजारचा नमाजी नाक मुरडतो आणि वर्गात मुलाला कोणी तरी चिडवतं. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद आपण सगळे जाणतो. आपल्या वासाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, हा तिच्यामागचा भाव शालीलाही लागू आहे.

तेव्हा पहिला विचार येतो तो धुण्याचा. पण लोकरीचा कपडा दरवर्षी पाण्यात घातला तर तो आटतो, घट्ट होतो, त्याची ऊब कमी होते. शिवाय डांबरगोळीच्या वासाने कपडा नापाक होत नाही, त्यामुळे नमाजसाठी म्हणून तो धुण्याची गरज नसते. कपडा ठेवताना स्वच्छ होता आणि आता फक्त वास येतो आहे, एवढंच असेल तर न धुताही तो वास जातो. त्याला पाणी कमी आणि दिवस जास्त लागतात. आमच्या घरी आम्ही हे कसं करतो आणि कुठे चुकलो, ते या लेखात सांगतो. एका ठिकाणी मात्र हा उपाय पुरत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे तान्हं बाळ. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे. ज्यांच्या घरी बाळ आहे किंवा येणार आहे, त्यांनी तो भाग आधी वाचावा.

वास कपड्यात शिरतो कसा

आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. नॅप्थलीन पूर्वीपासून दगडी कोळशाच्या डांबरातून काढलं जातं, म्हणून आपण त्यांना डांबराच्या गोळ्या म्हणतो. ही गोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते. म्हणूनच वर्षभराने ट्रंक उघडली की लिंबाएवढी गोळी वाटाण्याएवढी झालेली दिसते. उरलेली गोळी गेली कुठे? बंद ट्रंकेत तिची वाफ कोंडून राहते आणि लोकरीच्या तंतूंत मुरते. आपल्याला जो वास येतो तो त्या मुरलेल्या नॅप्थलीनचाच.

हे एकदा समजलं की उपाय आपोआप सुचतो. वाफ होऊन आत शिरलेली वस्तू वाफ होऊनच बाहेर काढायची. त्यासाठी वाहती हवा हवी आणि थोडी ऊब हवी. थंड पाण्यात नॅप्थलीन जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून स्वेटर नुसता बुचकळून काढला तरी वाळल्यावर वास पुन्हा येतो. गरम पाणी वापरलं तर वासाआधी स्वेटरच आटतो.

काही गोळ्या दुसऱ्या रसायनाच्या असतात. त्याचं नाव पॅराडायक्लोरोबेंझिन. आपल्याकडे गोळी कोणती ते घरीच ओळखता येतं. अर्धा कप कोमट पाण्यात तीन मोठे चमचे भरून मीठ घालावं आणि ते विरघळेपर्यंत ढवळावं. त्यात गोळी सोडावी. नॅप्थलीनची गोळी या खारट पाण्यावर तरंगते, दुसरी तळाशी जाते. साध्या पाण्यावरही तरंगली तर ती कापराची. दुसऱ्या रसायनाची वाफ लवकर होते, त्यामुळे तिचा वासही थोडा लवकर निघतो. पण ही ओळख खरी उपयोगी पडते ती बाळाच्या बाबतीत, ते पुढे येईलच. तपासणीचा कप नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

आमची ट्रंक, दिवसागणिक

गेल्या वर्षी आम्ही थंडीची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच ट्रंक उघडली. पाऊस संपलेला, ऊन कडक, हवा कोरडी. लोकरीला वारा द्यायला याहून चांगले दिवस नाहीत. ट्रंकेत चार वस्तू होत्या: मुलाचा शाळेचा स्वेटर, एक पातळ लोकरी स्वेटर, अब्बांचा हाताने विणलेला जाड स्वेटर आणि दादींच्या जहेजमधली काश्मिरी शाल.

सगळ्यात आधी ट्रंक गच्चीवर नेली आणि तिथेच उघडली. घरात उघडली तर वास पडद्यांत आणि गाद्यांत जाऊन बसतो. घड्या मोकळ्या करून, खिसे उलटे करून गोळ्यांचे तुकडे वेचून काढले. एखादा तुकडा खिशाच्या कोपऱ्यात राहिला तर आठवडाभर वारा देऊनही काही उपयोग होत नाही. वेचलेले तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवले. ते मोरीत टाकू नयेत आणि चुलीत किंवा कचऱ्याबरोबर जाळू तर मुळीच नयेत.

मग कोणता कपडा खऱ्या लोकरीचा ते पाहिलं. बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळ स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीतला एक धागा काढून, चिमट्यात धरून मोरीवर पेटवला. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. शाळेचा स्वेटर अ‍ॅक्रिलिकचा निघाला. ही पारख करायची कारण अ‍ॅक्रिलिकला गरम वाफ सोसत नाही, एकदा ते लूज पडलं की पुन्हा आकाराला येत नाही.

यानंतर प्रत्येक कपडा उलटा करून दोघींनी दोन टोकं धरून झटकला आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने हलका झाडला. स्वेटर दोरीवर टांगले नाहीत. जाड विणीचा स्वेटर खांद्यावर टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो. नवारीची खाट गच्चीवर सावलीत ठेवली, तिच्यावर जुनी पातळ सुती चादर अंथरली आणि स्वेटर आडवे पसरले. खाटेखालूनही वारा खेळतो, हा तिचा फायदा. शाल मात्र जाड बांबूवर टाकली. बांबूला आधी चादर गुंडाळली होती, म्हणजे शालीवर घडीची रेघ उमटत नाही. दर दोन-तीन तासांनी कपडे पालटले.

ऊन किती द्यायचं, हा प्रश्न येतो. उन्हाच्या उबेने नॅप्थलीन लवकर बाहेर पडतं हे खरं, पण तेच ऊन गडद रंग उडवतं. आम्ही स्वेटरना सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास दिलं, तेही उलट्या बाजूने. शालीला थेट ऊन दिलंच नाही. वारा पडला तेव्हा चार-पाच फुटांवर टेबल फॅन लावला. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं खाली आणलं, कारण लोकर ओल पटकन धरते आणि ओलसर लोकरीतून वास अडून राहतो.

आमची चूक झाली ती इथे. पहिल्या रात्री ते कपडे आम्ही झोपण्याच्या खोलीत खुंटीवर ठेवले आणि खिडकी बंद केली. सकाळी दोघांची डोकी जड. दुसऱ्या रात्रीपासून कपडे गॅलरीत, छताखाली, आणि मधलं दार बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचा स्वेटर आणि पातळ स्वेटर दोन्ही मोकळे झाले. अब्बांच्या स्वेटरला अजून वास होता. तिसऱ्या दिवशी त्याला वाफ दिली. वाफेच्या इस्त्रीचा पत्रा कपड्यापासून बोटभर वर धरायचा, कपड्याला टेकवायचा नाही, आणि हळूहळू फिरवत वाफ सोडायची. इस्त्री नसेल तर किटलीच्या वाफेवर हातभर अंतर राखून कपडा धरता येतो, फक्त हात भाजू देऊ नये. वाफेने तंतू फुगतात, गरम होतात आणि आत दडलेला वास बाहेर येतो. म्हणून हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशीच करावं. ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला बंद खोलीत थेट इस्त्री करणं म्हणजे ती सगळी वाफ आपणच श्वासात घेणं. वाफ दिल्यावर स्वेटर पुन्हा खाटेवर पसरला. पाचव्या दिवशी तो अंगात घालण्यासारखा झाला.

शालीने सगळ्यात जास्त वेळ घेतला. ती तीन वर्षं उघडलेली नव्हती. इतक्या नाजूक जुन्या शालीला आम्ही वाफ दिली नाही. चार दिवस वारा दिल्यावर कोळशाचा उपाय केला. मोठ्या स्टीलच्या पिंपाच्या तळाशी दोन वाट्या कोळसा ठेवला, वाट्यांवर मलमलचा तुकडा बांधला, वर जाळी ठेवून तिच्यावर शाल सैल ठेवली आणि दोन दिवस झाकण लावलं. हा कोळसा शेगडीतला नव्हे. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात पाणी गाळायचा काळा दाणेदार कोळसा मिळतो, तो. त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत अशी वाफ अडकून बसते. शेगडीच्या कोळशात हा गुण फार कमी असतो आणि शाल काळी होण्याची भीती वेगळी. पिंपातून काढल्यावर शाल आणखी तीन दिवस बांबूवर राहिली. नवव्या दिवशी वास गेला.

वास गेला की नाही हे आपल्या नाकाला विचारू नये. दिवसभर त्या कपड्यांत वावरल्यावर नाक सरावतं. कपडा तासभर कागदी पिशवीत बंद करून ठेवावा आणि मग बाहेरून आलेल्या माणसाला पिशवी उघडून हुंगायला सांगावं. आमच्याकडे हे काम शाळेतून घरी आलेल्या मुलाने केलं.

जे करू नये

वास झाकण्यासाठी अत्तर लावणं ही सर्रास होणारी चूक. आमच्याच घरी एका वर्षी शालीवर खसचं अत्तर लावून फजरला जाणं झालं. डांबर आणि खस यांचा मिळून जो वास झाला तो नुसत्या डांबरापेक्षा वाईट होता. शिवाय अत्तर तेलाचं असतं, त्याचा डाग लोकरीतून सहजी निघत नाही. लोबान किंवा ऊदचा धूर द्यायचा असेल तर तो डांबराचा वास पूर्ण गेल्यावर, दुरून आणि थोडाच.

खाण्याचा सोडा कपड्यावर भुरभुरावा असंही सांगितलं जातं. सोडा घामासारखे आंबट वास धरतो, पण नॅप्थलीन त्या जातीचं नाही, त्यामुळे इथे त्याचा फारसा उपयोग नाही. उलट तो विणीत अडकून राहतो आणि ओल लागली की लोकरीला खातो. सिरक्याचंही तसंच, त्याने फक्त एका वासावर दुसरा चढतो.

इतकं करूनही वास जात नसेल तर कपड्याकडे नव्हे, कपड्याच्या घराकडे पाहावं. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला जुना कागद, लाकडी हँगर, कोटाच्या खांद्यातला स्पंज, प्लास्टिकची पिशवी, यांत वास मुरलेला असतो. वारा दिलेला स्वेटर पुन्हा त्याच ट्रंकेत ठेवला तर दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. कागद फेकून द्यावा, ट्रंक ओल्या फडक्याने पुसून उघडीच दोन दिवस उन्हात ठेवावी.

आणि कपड्याला कुबट वास असेल, बुरशीचे ठिपके असतील किंवा घामाचे डाग असतील, तर ते काम वाऱ्याचं नाही. असा कपडा धुवायलाच हवा.

बाळाच्या अंगावर ही शाल नको

आता महत्त्वाची गोष्ट. थंडीच्या दिवसांत घरात बाळ जन्माला येतं. सातव्या दिवशी अकीका असतो, पाहुणे येतात, आणि मायेने दादी किंवा नानी ट्रंकेतली जपून ठेवलेली शाल काढून बाळाला तिच्यात गुंडाळते. त्या शालीला नॅप्थलीनचा वास असेल तर बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

कारण असं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एक द्रव्य असतं, त्याला डॉक्टर जी-सिक्स-पीडी म्हणतात. काही मुलांत ते जन्मतःच कमी असतं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो. एरवी त्याचा काही त्रास नसतो, म्हणून घरात कोणाला त्याची कल्पनाही नसते. अशा बाळाच्या श्वासातून किंवा कातडीतून नॅप्थलीन शरीरात गेलं की तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. अंगातलं रक्त कमी होतं आणि कावीळ वाढते. कावीळ फार वाढली तर ती मेंदूला इजा करते. नॅप्थलीनमध्ये ठेवलेले कपडे आणि ब्लँकेट यांमुळे बाळं अशी आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात अनेक दशकांपासून आहेत. दोष नसलेल्या नवजात बाळालाही हा वास चांगला नाहीच, कारण ते द्रव्य बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या शरीरात अजून आलेली नसते.

त्यात आपल्याकडे बाळाला तेलाने मालिश करून लगेच गुंडाळतात. नॅप्थलीन पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र चांगलं विरघळतं. तेल लावलेल्या कातडीतून ते जास्त सहज आत जातं. म्हणजे मायेच्या दोन गोष्टी, मालिश आणि जुनी शाल, एकत्र आल्या की धोका वाढतो.

म्हणून वर सांगितलेला वाऱ्याचा उपाय मोठ्यांसाठी आहे, बाळासाठी नाही. आपल्या नाकाला वास आला नाही म्हणजे बाळाला निर्धोक, असं समजू नये. तान्ह्या बाळासाठी गोळ्यांत न ठेवलेले कपडे वापरावेत: नवे, किंवा रोजच्या वापरातले धुतलेले सुती, एकावर एक. गोधडी वापरत असाल तर ती कुठे ठेवली होती हे आठवा. पुष्कळदा ती त्याच ट्रंकेतून निघते. बाळाला मांडीवर घेणाऱ्या दादींच्या अंगावरची शालही वास पूर्ण गेलेली असावी. ज्या खोलीत बाळ आणि बाळंतीण झोपतात तिथे ही ट्रंक उघडू नये, आणि कपाटात गोळ्याही ठेवू नयेत.

बाळ पिवळं किंवा फिकट दिसू लागलं, दूध प्यायला कंटाळलं, सुस्त पडून राहिलं, किंवा लंगोट कोऱ्या चहासारख्या गडद लघवीने भरू लागला, तर उद्यावर टाकू नये. त्याच वेळी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावं की बाळ डांबरगोळीच्या कपड्यात होतं. ते शब्द ऐकले की कोणती तपासणी करायची हे डॉक्टरांना लगेच कळतं. रांगत्या मुलाने गोळी मिठाई समजून तोंडात घातली तरीही हाच नियम. घरी उलटी करवू नये, दूध पाजू नये, उरलेली गोळी किंवा पाकीट सोबत घेऊन निघावं.

पुढच्या वर्षासाठी

फेब्रुवारी-मार्चमध्ये कपडे परत ठेवताना एवढं केलं की पुढच्या ऑक्टोबरची मेहनत निम्मी होते. कसर खरी लागते ती घाम, तेल आणि खाण्याचे डाग असलेल्या लोकरीला. म्हणून धुवायचं असेल तर ते ठेवण्याआधी, काढल्यावर नव्हे. स्वच्छ आणि पूर्ण कोरडा कपडा जुन्या धुतलेल्या सुती चादरीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, तर गोळ्यांवाचूनही तो टिकतो. मधून एकदा, कोरडा दिवस पाहून, उघडून झटकावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला तर थोडी मदत होते, पण त्याने अंडी मरत नाहीत, म्हणून आधीची स्वच्छता टळत नाही.

गोळ्या वापरायच्याच असतील तर पाकिटावर लिहिल्यापेक्षा जास्त घालू नयेत. त्या मलमलमध्ये बांधून कपड्यांच्या वर ठेवाव्यात, घडीत खोचू नयेत. ट्रंकेवर एक चिठ्ठी चिकटवावी: आत डांबरगोळी आहे, बाळासाठी काही काढू नये. आम्ही दादींच्या शालीच्या ट्रंकेवर ती लावली आहे. घरातल्या सुनेला, बाहेरून आलेल्या फुफीला, कोणालाही ती वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत.